बंधाऱ्याची उंची आणि अहवालाची सचोटी

शहापूर व मुरबाड या तालुक्यांत पावसाची वानवा नाही. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या प्रदेशात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शहापुरातील तानसा तलावाचे पाणी 1892 पासून मुंबईस जात आहे. तरीही उन्हाळ्यात येथील कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. साहजिकच ओढ्यावर सिमेंटचा बंधारा बांधण्याची मागणी होते आणि त्याचा आराखडा-अहवाल गावापुढे येतो. तेथे बहुधा खर्चाचा आकडा तेवढा वाचला जातो. वास्तविक पहिला प्रश्न असा विचारावयास हवा की, भिंतीची उंची इतकीच का?

उदाहरणादाखल एक ओढा घेऊ. त्याचे पाणलोट क्षेत्र 2 चौरस किलोमीटर, पात्राची रुंदी 20 मीटर, काठांची उंची साडेतीन मीटर आणि तळाचा उतार शंभरास एक आहे. अहवालात 2 मीटर उंचीची भिंत सुचविली आहे. ही भिंत पुरात टिकेल काय, हे पाहण्यासाठी घाटाकडील ओढ्यांना इंग्लिस यांचे सूत्र लावतात. क्षेत्राच्या चौरस किलोमीटरांना 124 ने गुणावे आणि त्याच क्षेत्रात 10.4 मिळवून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाने भागावे. येथे उत्तर दर सेकंदास सुमारे 70 घनमीटर येते. इतके पाणी 20 मीटर लांबीच्या माथ्यावरून जाताना सुमारे 1.6 मीटर उंच चढते. म्हणजे पुराची पातळी तळापासून 3.6 मीटर होते व काठ साडेतीन मीटरचे आहेत. असा पूर भिंत फोडीत नाही; तो तिला वळसा घालून बाजूची माती कापतो आणि शेजारचे भातखाचर घेऊन जातो.

हे सूत्र पुराचा आकडा चढा देते, असे कोणी म्हणेल. लहान पाणलोटाच्या बाबतीत ते खरेही असू शकते. परंतु कमी आकडा धरणाऱ्याने त्याचे कारण लिहिले पाहिजे: काठावरील पुराच्या खुणा कोठे आढळल्या आणि वृद्ध ग्रामस्थांनी पाणी कोठवर आल्याचे सांगितले. कारणावाचून धरलेला आकडा हा हिशेब नव्हे.

आता भिंत 1.2 मीटर केली, तर पूर 2.8 मीटरवर राहतो व काठाला 70 सेंटिमीटरचा वाव उरतो. मात्र साठा किती घटतो? 2 मीटरच्या भिंतीमागे पाणी 200 मीटर पसरते व साठा सुमारे 4,000 घनमीटर होतो. 1.2 मीटरच्या भिंतीमागे ते 120 मीटर पसरते व साठा 1,440 घनमीटर, म्हणजे जेमतेम तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक, राहतो. सुरक्षितपणासाठी किती पाणी सोडले, हे ज्या अहवालात आकड्यांनी मांडलेले असते तोच प्रामाणिक. केवळ 'सुरक्षित व फायदेशीर' असे लिहिणारा अहवाल गावाला अंधारात ठेवतो.

दुसरा पर्याय कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचा. त्यात पावसाळ्यात फळ्या काढलेल्या असल्याने पूर मोकळा वाहतो आणि पाऊस संपल्यावर त्या बसवून पाणी अडविले जाते. परंतु फळ्या वेळेवर कोण बसवील, जूनपूर्वी कोण काढील व त्या कोठे ठेवाव्यात, याचे उत्तर गावाने द्यावयाचे आहे. हा पर्याय का नाकारला वा स्वीकारला, हे अहवालात हवे.

पायाची मर्यादाही तितकीच स्पष्ट लिहावी. भिंत मुरमावर उभी केल्यास पाणी तिच्याखालून निघून जाते. म्हणून चाचणी खड्डे किती ठिकाणी घेतले व खडक किती खोलीवर लागला, याची नोंद पाहावी. 'खडक लागेल' असे भविष्यकाळी वाक्य असल्यास खड्डा घेतलेलाच नाही, असे समजावे.

शेवटी मे महिन्याचा प्रश्न. ओढ्याचा प्रवाह आटल्यावर दिवसास केवळ 5 मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तरी 200 दिवसांत पाण्याची पातळी एक मीटर खाली जाते. जमिनीत मुरणारे पाणी निराळेच. तेव्हा 1.2 मीटरचा बंधारा मे महिन्यात हंडे भरून देईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. त्याचा उपयोग भातानंतरच्या भाजीपाल्याला एखादे पाणी देण्यास व खालच्या अंगाच्या विहिरींना पाझर मिळण्यास होईल. अहवालात तसेच लिहावे, त्या विहिरी कोणत्या ते सांगावे आणि त्यांची आजची पातळी मोजून ठेवावी. 'पिण्याच्या पाण्याचा प्रश्न सुटेल' असे वाक्य त्यात आढळल्यास ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने मंजुरीपूर्वीच महिनावार हिशेब मागावा. भिंत बांधून झाल्यावर तो मागण्यात काही अर्थ उरत नाही.