उडी झाकायची कशी?

बालमित्रांनो, सुट्टीत कुणाची तरी मुलाखत मोबाईलवर चित्रित करायची आणि वर्गात दाखवायची, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ठरवलं असेल. समजा, तुम्ही कल्हईवाले काका निवडलेत. (कल्हईवाला आता क्वचितच दिसतो, तेव्हा आधी आजीला विचारा!) काका ओट्यावर बसलेत, तुम्ही विचारता, "काका, कल्हई कशासाठी करायची?" काका सत्तर सेकंद बोलतात. पहिली बारा सेकंदं छान : "पितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं की कळकतं." मग चाळीस सेकंदं पुतण्याचं लग्न. मग पुन्हा अठरा सेकंदं कामाचं : "कथलाचा थर बसला, की आंबट पितळेला लागत नाही."

लग्न कापलंत, तीस सेकंदं उरली. पण आता पाहा गंमत! जोडाच्या जागी काकांची मान डावीकडून एकदम उजवीकडे जाते, डोक्यावरची टोपी क्षणात हातात येते. कॅमेरा एकाच जागी असल्यामुळे ही उडी डोळ्यांना खुपते. हिला म्हणतात 'जंप कट'. ती झाकायला जोडावर दुसरं चित्र ठेवतात, ते 'कटअवे'. खालून काकांचा आवाज चालूच राहतो. इथे कळकलेल्या पातेल्याचा हिरवट तळ दाखवा. 'कळकतं' हा शब्द येताना चित्र सुरू करा, जोडाच्या पुढे एक-दोन सेकंद चालू द्या, नि मग परत काका. बरोबर जोडावरच चित्र बदललंत, तर तिथे काहीतरी झाकलंय हे लगेच कळतं.

पण तो हिरवट तळ तुमच्याकडे आहे का? खरी मेख इथेच आहे. एकदा घासून कल्हई झाली, की ते भांडं लगेच पुन्हा कळकट होणार नाही! म्हणून आदल्या दिवशी काकांशी नुसत्या गप्पा मारा आणि त्यांच्या बोलण्यात येणाऱ्या वस्तू कागदावर लिहा : कळकलेलं पातेलं, भाता, निखारे, नवसागर, कथील, कापसाचा बोळा, पाण्याची बादली. हीच तुमची चित्रांची यादी. कळकलेलं पातेलं सगळ्यांत आधी टिपायचं.

दुसरी अडचण वेगाची. तापलेल्या भांड्यात नवसागर पडला की भसकन पांढरा धूर येतो, कथील टेकवलं की वितळतं आणि बोळा फिरताच आतून चांदीसारखी झळाळी पसरते. सारं काही क्षणांत! एका भांड्यात सगळं टिपता येत नाही. म्हणून घरातली सारखी दिसणारी तीन पातेली गोळा करा. पहिल्याच्या वेळी काका आणि भट्टी दोन्ही दिसतील असं लांबून घ्या, दुसऱ्याच्या वेळी फक्त हात, तिसऱ्याच्या वेळी भांड्याचा आतला भाग. प्रत्येक चित्र निदान दहा सेकंदं, हात न हलवता. त्यातली तीन-चारच वापराल, पण कुठली ते आधी कळत नाही. मोठं माणूस बरोबर हवं आणि धूर तोंडावर येणार नाही अशा बाजूला उभं राहायचं. मुलाखत मात्र भाता बंद असताना घ्या, नाहीतर आवाजाचे जोडही उघडे पडतील.

आता कच्च्या उत्तरांचं. काका म्हणाले, "हे असं टाकायचं, मग असं फिरवायचं." नुसतं ऐकून काय कळणार? पण त्यावर हातांचं चित्र ठेवा, की तेच उत्तर पक्कं होतं. "काम कसं वाटतं?" याला मात्र "बरं वाटतं" असं उत्तर आलं, तर कितीही निखारे दाखवा, ते पोकळच राहणार. माझ्या मते दोष तिथे प्रश्नाचा असतो. त्यापेक्षा "भांडं पुरेसं तापलं हे कसं ओळखता?" असं विचारा. त्याला सांगण्यासारखं उत्तर असतं.

आणि एक. कटअवेखाली जोड दिसत नाही, म्हणून तिथे लबाडीही सहज होते, बरं का! काका म्हणाले, "धंदा बसला, पण दिवाळीच्या आधी उसंत नसते." 'पण'च्या पुढचं कापून वर विझलेले निखारे ठेवले, तर पाहणाऱ्याला वाटेल काका रिकामेच बसतात. पुतण्याचं लग्न कापणं वेगळं आणि हे वेगळं. जोडणी झाली की ती आधी काकांना दाखवा. "मी असं बोललो नव्हतो," असं ते म्हणाले, तर तो तुकडा पुन्हा उघडा, कापलेलं वाक्य परत घाला आणि चित्रही बदला. दिवाळीच्या वाक्यावर भांड्यांची रास चालेल. तीही यादीत लिहून ठेवा.