आधी बाळाचं वय सांगा

कसबा पेठेत बाळंतीण माहेरी आली की आठवड्याभरातच घरात एक वाद सुरू होतो. आजोबा म्हणतात, आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांनी या घरातल्या तीन पिढ्या बघितल्या आहेत, लसही तेच देतील आणि तापही तेच बघतील. बाळाचे वडील म्हणतात, काळ बदलला; लहान मुलाला बालरोगतज्ज्ञाशिवाय कुणाचा हात लागता कामा नये. महापालिकेच्या लसीकरण केंद्रात परिचारिका म्हणून मी 21 वर्षं काढली. हा वाद मी टेबलाच्या अलीकडून इतक्यांदा ऐकला आहे की दोन्ही बाजू मला पाठ आहेत. माझं म्हणणं असं, की दोन्ही बाजू चुकतात, कारण दोघंही लस आणि ताप एकाच तागडीत घालतात.

बालरोगतज्ज्ञाच्या बाजूचा पहिला मुद्दा लसीचा: तज्ज्ञाच्या हातची लस अधिक सुरक्षित. हे मला मान्य नाही. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट डाव्या मांडीच्या पुढच्या बाहेरील भागात, स्नायूत द्यायची असते. हे काम आमच्या केंद्रातली सिस्टर एका सत्रात तीस-चाळीस बाळांवर करते. सुई कुणाच्या हातात आहे यापेक्षा बाटली कुठे ठेवली होती, हा खरा प्रश्न. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. उन्हानं ती बिघडते हे लोकांना ठाऊक असतं, गोठूनही बिघडते हे ठाऊक नसतं. पेंटाव्हॅलंट आणि हिपॅटायटिस बी या लसी एकदा गोठल्या की वितळल्यावर वरवर पूर्वीसारख्याच दिसतात. हलवून ठेवल्यावर मात्र त्यातला गाळ लवकर खाली बसतो. अशी लस दिली तर बाळाला सुई टोचली जाते, संरक्षण मिळत नाही. घरगुती फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेल्या बाटलीचं नेमकं हेच होतं, मग त्या दवाखान्याच्या दारावर कुठलीही पदवी लिहिलेली असो. सरकारी केंद्रात लसीसाठी वेगळा फ्रिज असतो आणि त्याचं तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहिलं जातं. तेव्हा खाजगी दवाखान्यात जाणार असाल तर डॉक्टरांना तापमानाची वही दाखवायला सांगा. यात अपमान कसला? बाटलीवर गोल आणि त्याच्या आत चौकोन छापलेला असेल तर तोही बघा. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तोवर उष्णतेनं ती लस बिघडलेली नाही. चौकोन गोलाइतका गडद झाला की ती बाटली टाकून द्यायची.

तज्ज्ञाच्या बाजूचा दुसरा मुद्दा मात्र मी मोकळेपणानं मान्य करते. सहाव्या आठवड्याच्या भेटीत बालरोगतज्ज्ञ सुईखेरीज बरंच काही बघतात. हृदयात वेगळा आवाज येतो का, खुब्याचे सांधे जागेवर आहेत का, डोळ्यात प्रकाश टाकल्यावर लाल चमक दिसते का, डोक्याचा घेर आणि वजन आलेखावर कसं चाललं आहे. हे काम केंद्रातल्या गर्दीत होत नाही आणि गल्लीतल्या दवाखान्यात क्वचितच होतं. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, जन्माचं वजन कमी असेल, आधी झटका आला असेल किंवा मागच्या डोसनंतर मोठी तक्रार झाली असेल, तर लसीचा निर्णयही तज्ज्ञानंच घ्यावा. बाकीच्या घरांना माझा सल्ला असा: ही एक तपासणी तज्ज्ञाकडे करून घ्या, लस मात्र जवळच्या केंद्रात घ्या. तिथे ती मोफत मिळते, वेळेवर मिळते आणि माता-बाल संरक्षण कार्डावर तिची नोंद होते.

ताप हा वेगळा विषय आहे, आणि इथे मी गल्लीतल्या डॉक्टरांच्या बाजूनं बोलणाऱ्यांशी भांडणार आहे.

एका पावसाळ्यात आमच्या शेजारच्या वाड्यातल्या 19 दिवसांच्या मुलाला ताप आला. संध्याकाळी सात वाजता काखेत 100.6 फॅरनहाइट. आई सांगत होती की सकाळपासून तो दूध ओढत नाही, एरवी दिवसातून नऊ-दहा वेळा घेतो, आज पाचच वेळा घेतलं. घरच्यांनी ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. ते माणूस चांगले, हाताला गुण असलेले. त्यांनी छाती तपासली, पावसाळी सर्दी असेल म्हणाले, तापाचे थेंब आणि एक प्रतिजैविक लिहून दिलं आणि ‘दोन दिवस बघू’ म्हणाले. बाळाची मावशी एका बालरोगतज्ज्ञाकडे फोन करत बसली. तिथून उत्तर आलं, रात्री साडेनऊचा नंबर मिळेल. मी जिन्यात भेटले म्हणून मला हे कळलं. मी त्यांना रिक्षात बसवलं आणि थेट मोठ्या रुग्णालयात नेलं.

तिथे काय केलं ते नीट सांगते, कारण घरातले लोक या तपासण्यांना भितात आणि कागदावर सही करायला मागेपुढे बघतात. आधी रक्त घेतलं, त्यातला काही भाग जंतू वाढवून बघायला ठेवला. लघवी बारीक नळी घालून घेतली. चिकटपिशवीत जमलेल्या लघवीत कातडीवरचे जंतू मिसळतात आणि निदान फसतं. मग पाठीच्या कण्यातून पाण्याचे काही थेंब काढले. हे सगळं झाल्यावर लगेच, अहवालाची वाट न बघता, शिरेतून दोन प्रतिजैविकं सुरू केली. दीड दिवसानं लघवीत ई. कोलाय वाढलेला दिसला. मूत्रमार्गाचा संसर्ग होता. ना सर्दी, ना पावसाळा. तो मुलगा दोन आठवड्यांनी घरी आला, नंतर मूत्रपिंडाची सोनोग्राफी झाली, आणि आता तो शाळेत जातो.

गल्लीतले डॉक्टर अडाणी होते म्हणून चुकले नाहीत. पहिल्या 28 दिवसांत बाळ वरून जवळजवळ सारखंच दिसतं, मग ताप साधा असो वा रक्तात जंतू पसरलेले असोत. छाती साफ असते, घसा साफ असतो. स्टेथोस्कोपनं हा फरक कळत नाही, तो कुणाच्याही हातात असो. म्हणून तज्ज्ञाचा साडेनऊचा नंबरही माझ्या लेखी तितकाच निरुपयोगी होता, कारण रक्त, लघवी आणि पाठीचं पाणी ओपीडीच्या टेबलावर तपासता येत नाही. आणि तोंडावाटे दिलेलं प्रतिजैविक तर नुकसानच करतं. संसर्ग पुरता बरा होत नाही, पण जंतू दबतात, आणि दुसऱ्या दिवशी तपासणी केली तरी काही वाढत नाही. मग रुग्णालयाला अंधारात औषध द्यावं लागतं.

यावर मला एकदा उत्तर मिळालं होतं: गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्या बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांवर उपचार केले, मग आमचे डॉक्टर का नाही करू शकत? दाखला खरा आहे. 39 गावांतला तो प्रयोग 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी उतरलेलं दिसलं. पण तो दाखला नीट वाचा. त्या बायका ‘दोन दिवस बघू’ म्हणत नव्हत्या. घरोघर जाऊन त्या ठरलेली लक्षणं तपासत आणि जंतुसंसर्गाची शंका आली की जेंटामायसिनचं इंजेक्शन सुरू करत. शिवाय हे सारं तिथलं, जिथे रुग्णालय पोहोचण्याजोगं नव्हतं. कसब्यातून रास्ता पेठेतलं केईएम किंवा स्टेशनजवळचं ससून रिक्षानं काही मिनिटांवर आहे. ती सोय असताना न वापरणं याला गडचिरोलीचा आधार मिळत नाही.

मग गल्लीतल्या डॉक्टरांना मी मोडीत काढते आहे का? मुळीच नाही. बाळ तीन महिन्यांचं झालं, पहिल्या लसी झाल्या, की चित्र पालटतं. तेव्हाचे बहुतेक ताप विषाणूचे असतात आणि तेव्हा घर ओळखणारा डॉक्टर फार उपयोगी पडतो. आजोबांचा खोकला महिनाभर हटत नाही, त्यांची थुंकी क्षयासाठी तपासायला हवी, हे त्याला माहीत असतं. अनोळखी तज्ज्ञाला कोण सांगणार? घरच्या डॉक्टरनं बाळाचा श्वास घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजावा. दोन महिने ते वर्षाच्या बाळात 50 किंवा जास्त भरला तर पुढे पाठवावं. तापाचं कारण सापडत नसेल तर लघवी तपासावी. प्रतिजैविक उगाच लिहू नये. असा डॉक्टर तुमच्या गल्लीत असेल तर त्याला सोडू नका.

या दोहोंच्या मधला एक ताप आहे, त्यावरून घरात सर्वांत जास्त घबराट होते: पेंटाव्हॅलंटच्या रात्रीचा. लस टोचल्यापासून दिवसभरात येणारा, बाळ दूध नीट घेत असताना येणारा ताप लसीचाच असण्याची शक्यता मोठी. त्याला पॅरासिटामॉल पुरतं, पण मात्रा वजनावर असते, किलोला 15 मिलिग्रॅम. चार किलोच्या बाळाला 60 मिलिग्रॅम. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम असतात, म्हणजे 0.6 मिलिलिटर. नेहमीच्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला 125, म्हणजे साधारण 2.4 मिलिलिटर. मी डोळ्यांनी पाहिलेली चूक सांगते: सिरपची मात्रा लक्षात ठेवून कुणी थेंबांच्या बाटलीतून 2.4 मिलिलिटर काढतं, आणि बाळाच्या पोटात चौपट औषध जातं. लेबलवरचा आकडा मोठ्यानं वाचून मगच ड्रॉपर भरा. दुसऱ्या दिवशीही ताप राहिला किंवा बाळानं दूध सोडलं, तर तो ताप लसीचा धरू नका.

राहिला प्रश्न महिन्याच्या आतल्या बाळाचा. काखेत 99.5 दिसलं तर दुपटी सैल करा, अंगावर पाजा, अर्ध्या तासानं पुन्हा मोजा. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि तीन दुपटी असतील तर आकडा उगाच चढलेला असतो. तरीही तेवढाच राहिला, किंवा पहिल्यांदाच 100.4 दिसला, तर निघा. 95.9 च्या खाली उतरला आणि ऊब देऊनही वर येत नसला, तरीही निघा, कारण या वयात गार पडणं तापाइतकंच वाईट. बाळ दूध ओढत नसेल, मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास घेत असेल, हलवल्याशिवाय हालचाल करत नसेल, तर थर्मामीटर शोधण्यातही वेळ घालवू नका. घरातलं औषध देऊ नका. प्रसूतीचा कागद बरोबर घ्या, शेवटचं दूध किती वाजता घेतलं ते लिहून घ्या, आणि बाळाला आईच्या छातीशी धरून रिक्षात बसा. डॉक्टरांना फोन रिक्षातून करा.