शेजारच्यांना मिळालं, मग आपल्याला?

मुलुंडच्या एका सोसायटीत पुनर्विकासाची सभा. एक काका उठले, "मागच्या इमारतीला बिल्डरने ३५ टक्के जादा जागा दिली. तीही आपल्याएवढीच जुनी, चारमजली, प्लॉटही तेवढाच. मग आपल्याला का नाही?" टाळ्या पडल्या. वयाचं साम्य इथे फारसं कामाचं नाही. प्लॉट आणि आधीच्या बांधकामाचं आहे, पण तेवढ्याने भागत नाही. उपनगरांत चटईक्षेत्र समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरही ठरतं. त्यांच्यापुढे २० मीटरचा रस्ता, म्हणून एफएसआय २.४, यांच्या दारात १० मीटरची गल्ली, म्हणून २. हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर मूळ हिशेबातच ४०० चौरस मीटरचा फरक, आणि बिल्डरची ३५ टक्क्यांची उदारता निघते ती त्यातूनच. सेक्रेटरींनी विकास आराखडा उघडला, तर काका म्हणाले, "रस्त्याचं काय घेऊन बसलात?"