साखर ब्रिटिशांनी आणली, असे सांगणाऱ्यांसाठी

गळीत हंगाम सुरू झाला की सोलापूर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात, आणि त्याच सुमारास मोबाइलवर तो ठरलेला मजकूरही फिरू लागतो. साखर ही ब्रिटिशांची देणगी आहे, १८६८ साली त्यांनी पहिला कारखाना काढला, त्यापूर्वी आपले पूर्वज केवळ गूळ खात असत आणि म्हणून निरोगी होते, असा त्याचा आशय. गुळाची थोरवी कोणी गावी, माझी हरकत नाही. परंतु त्यासाठी इतिहास खोटा सांगावा लागत असेल तर हरकत आहे. म्हणून हा थ्रेड.

मित्रहो, आरंभ घरापासूनच करू. ज्ञानेश्वरी इ.स. १२९० ची. तीत साखर आणि तिची गोडी यांचे दृष्टांत वारंवार येतात. दृष्टांत श्रोत्यांच्या ओळखीच्या वस्तूंचाच देतात. त्याही आधी, बाराव्या शतकात, ज्यांच्या राज्यात आपला हा प्रदेश मोडत असे त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचला. त्यातील पक्वान्नांत शर्करा आहे. १८६८ वाल्यांनी ही सहा-सात शतके कोठे ठेवायची ते ठरवावे.

यावर ठरलेले उत्तर असे येते की, ती ‘शर्करा’ म्हणजे गूळच असणार. तसे नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा अशी पाच नावे एकापुढे एक दिली आहेत. ग्रंथाचा काळ कितीही अलीकडे ओढला तरी तो इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांपलीकडे जात नाही. एकाच वस्तूला कोठाराच्या यादीत कोणी पाच नावे देत नाही. शिवाय ‘शर्करा’ या शब्दाचा मूळ अर्थच खडा, वाळूची कणी असा आहे. गुळाच्या ढेपेला हे नाव कोणी दिले नसते. ते दाण्याला दिलेले नाव आहे.

आता दाणा पडतो कसा, ते पाहू. साऱ्या वादाचे मूळ तेथे आहे. गूळ करताना रस आटवून सबंध घट्ट करतात, रसातले सारे काही ढेपेतच राहते. साखर करताना रस गुळाहून थोडा आधी उतरवावा लागतो आणि सावकाश निवू द्यावा लागतो. मग गोडव्याचा एक भाग कण होऊन बसतो आणि बाकीचा काळसर, चिकट पाक कधीच दाणा धरत नाही. तो पाक निथळून कणांपासून वेगळा करणे, हीच खरी विद्या. रस आटवणे कोणालाही जमते.

यात एक मोठी अडचण असते. ऊस तोडून शिळा झाला, रस आंबूस झाला, की दाणा धरणारी साखर आटवतानाच फुटून तिचे दाणा न धरणाऱ्या साखरांत रूपांतर होते. मग कितीही आटवा, काहिलीत काकवीच उरते. हा आंबूसपणा मारण्यासाठी गुऱ्हाळात चुन्याची निवळी घालतात. ही युक्ती किती जुनी असावी? पाली विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. रेवत नावाचा शंकेखोर भिक्षू श्रावस्तीहून राजगृहाकडे जाताना एका गुऱ्हाळात थांबतो आणि गुळात पीठ व राख घालताना पाहतो. हा गूळ अवेळी खावा की न खावा, अशी त्याला शंका येते. ते घट्टपणासाठी घालतात, सबब चालेल, असा निर्णय मिळतो. राखेतल्या क्षाराने आंबूसपणा मरतो, हे त्या गुळव्यांना आपल्या भाषेत सांगता आले नसेल. पण राख घातली नाही तर गूळ बसत नाही, एवढे त्यांना ठाऊक होते.

पुढचा साक्षीदार परका आहे, म्हणून अधिक मोलाचा. तांग राजवटीच्या इतिहासात नोंद आहे की, इ.स. ६४७ मध्ये मगधाचे दूत आले आणि त्यानंतर सम्राट ताइझोंगने रस आटवून साखर करण्याची रीत शिकण्यासाठी मगधात माणसे पाठवली. ती रीत कशी होती, हे दुन्हुआंगच्या गुहेत सापडलेल्या एका कागदाच्या पाठीवर चिनी भाषेत लिहिलेले आहे. हा कागद सध्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि जी शियानलिन या चिनी संस्कृत पंडितांनी त्याचा अर्थ उलगडला. लेखक म्हणतो, भारतात तीन जातींचा ऊस होतो. आठ फूट वाढणाऱ्या उंच उसाची साखर चांगली होत नाही, त्याहून आखूड उसाची उत्तम होते. शेंडा व पाला काढून उसाचे पाच-पाच इंचांचे तुकडे करतात, बैलाने फिरवलेल्या लाकडी घाण्यात ते पिळतात आणि रस पंधरा कढयांत आटवतात. थोडा पाक काढून निववतात आणि त्यावर ठोका मारतात. तुटला तर झाला. न तुटल्यास पुन्हा चुलीवर. येथवर ही साधी साखर. उत्तम प्रतीची करायची तर आटवलेला पाक बांबूच्या पात्रात भरतात, पंधरा दिवस बंद ठेवतात आणि निथळणारे पाणी खालच्या रांजणात धरतात. पात्रात उरतो सुटा दाणा. लेखक त्याला ‘शागेलिंग’ म्हणतो. हा आपला ‘शर्करा’ शब्दच चिनी अक्षरांत बसवलेला आहे. वस्तू आणि रीत चीनची असती, तर त्याला संस्कृत नाव उसने घ्यावे लागले नसते.

पश्चिमेकडची वाट शब्दांवरूनच दिसते. शर्करेचे फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’ आणि तेथून युरोपात ‘शुगर’ झाले. खण्डाचे ‘कंद’ आणि मग ‘कँडी’. इराणमधील खुझिस्तान, मग इजिप्त, सिसिली, स्पेन असा हा प्रवास झाला.

मात्र ‘जगाला सारे आम्हीच शिकवले’ असे ज्यांना आता लिहावेसे वाटत असेल, त्यांनीही थोडे थांबावे. ऊस मूळचा न्यू गिनीकडचा. ज्यांना विद्या दिली त्यांनी ती पुढे नेली. तांग इतिहासकारच सांगतो की, यांगझोऊच्या उसापासून केलेली साखर रंगाने आणि चवीने परदेशी साखरेहून सरस ठरली. तेराव्या शतकात मार्को पोलो लिहितो की, फूज्यान भागातले लोक पूर्वी काळा लगदाच करीत. इजिप्तकडून आलेल्या माणसांनी त्यांना झाडाच्या राखेने साखर शुद्ध करण्यास शिकवले. पुन्हा राखच! आणि शुद्ध साखर आपल्याकडे परतली तेव्हा नावे घेऊन आली: खडीसाखरेला उत्तरेत ‘मिस्री’ म्हणतात, कारण मिस्र म्हणजे इजिप्त; पांढऱ्या साखरेला ‘चीनी’ म्हणतात. ‘चीनी’ या नावावरून साखर चीनची ठरवणे म्हणजे माहेरी आलेल्या लेकीला सासरच्या आडनावावरून परकी म्हणणे होय.

‘पांढरेपणा तरी रसायनांचाच’ हा शेवटचा आक्षेप. रोहिलखंडात खांडसारीवाले टोपलीतल्या कच्च्या साखरेवर ओल्या पाणवनस्पतीचा थर देत. त्यातला ओलावा हळूहळू झिरपून दाण्यावरचा पाक धुऊन नेई, वरचा थर पांढरा होई. तो खरवडून घेत आणि पुन्हा नवा थर देत. आजची गंधक वापरून केलेली कारखान्यातली साखर निराळी, हे मान्य. पण पांढरा दाणा कारखान्यापूर्वीचा आहे.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात आपल्या जिल्ह्यात माळीनगरला सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी कारखाना उभारला. अशा कारखान्यांत बांबूच्या पात्राची जागा गरगर फिरणाऱ्या जाळीदार यंत्राने घेतली आणि पंधरा दिवसांचे निथळणे काही मिनिटांवर आले. निथळलेल्या काळ्या पाकाचे आज काय करतात, हे कारखान्याच्या आसवनीशेजारून गेलेल्या कोणालाही वासावरून सांगता येईल. दुन्हुआंगच्या त्या कागदावरही लिहिले आहे: खाली उतरलेल्या पाण्याचे मद्य करतात.