व्हिसा रद्द झाला, म्हणजे लगेच परत यायचं का?

मार्च-एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या हजारो परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसे आणि विद्यार्थी-नोंदी धडाधड रद्द झाल्या. त्यात भारतीय मुलं मोठ्या संख्येने होती. तेव्हापासून मुलं तिकडे शिकत असलेल्या आपल्या घरांत एकच प्रश्न विचारला जातो: मिळालेला व्हिसा असा मध्येच कसा जाऊ शकतो, आणि गेलाच तर करायचं काय?

आधी एक फरक समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पासपोर्टवरचा व्हिसा हा अमेरिकेच्या दारापर्यंत जाण्याचा परवाना आहे. तो परराष्ट्र खातं देतं आणि तेच रद्द करतं. आत गेल्यावर राहण्याचा हक्क मात्र कॉलेजने दिलेल्या आय-२० वर आणि ‘सेव्हिस’ या सरकारी संगणक-नोंदीवर चालतो. ती नोंद गृहसुरक्षा खात्याच्या हातात असते. व्हिसा गेला तरी सेव्हिस चालू असू शकतं. म्हणून घाबरण्याआधी विचारायचं ते हे: नेमकं काय रद्द झालं?

समजा, भिवंडीचा एक मुलगा टेक्सासमध्ये एमएस करतोय. रूममेटशी भांडण झालं, शेजाऱ्याने पोलीस बोलावले, अटक झाली. पुढे कोर्टाने केस काढून टाकली. पण अटकेच्या वेळी घेतलेले बोटांचे ठसे केंद्रीय नोंदीत गेले. व्हिसा रद्द करायला गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही, अटकेची नोंदही पुरते. काही महिन्यांनी वकिलातीकडून ईमेल येतो, तोही व्हिसा फॉर्ममध्ये दिलेल्या पत्त्यावर. बऱ्याचदा तो एजंटने उघडलेला ईमेल असतो, जो कुणी बघतच नाही. पासपोर्टवरचा स्टिकर तसाच दिसतो, आणि रद्द झाल्याचं विमानतळावर कळतं.

या मुलाने त्याच दिवशी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात जाऊन सेव्हिस चालू आहे का, हे लेखी विचारावं. चालू असेल तर वर्ग सोडू नयेत आणि देशाबाहेर पाऊल टाकू नये, अगदी कॅनडाच्या दोन दिवसांच्या सहलीसाठीही नाही. एकदा बाहेर पडला की नवा व्हिसा मिळेपर्यंत परत येता येत नाही. केस निकाली निघाल्याची कोर्टाची प्रमाणित प्रत काढून ठेवावी. इमिग्रेशन वकिलाला लगेच भेटावं, कारण रद्द व्हिसा हे कायद्यात देशाबाहेर काढण्याचं कारणही ठरू शकतं. वकिलाला विचारल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नये.

सेव्हिसच बंद झालं असेल तर गोष्ट गंभीर आहे. तेव्हा नोकरी, इंटर्नशिप लगेच थांबवावी लागते. मग तीनच वाटा उरतात: नोंद पूर्ववत करण्याचा अर्ज, जो साधारण पाच महिन्यांच्या आत करायचा असतो, बाहेर जाऊन नव्या आय-२० वर पुन्हा सुरुवात, किंवा फेडरल कोर्ट. २०२५ मध्ये अनेक मुलं कोर्टात गेली, न्यायाधीशांनी तात्पुरती स्थगिती दिली आणि २५ एप्रिलला सरकारने नोंदी परत चालू करत असल्याचं सांगितलं. जी मुलं पहिला ईमेल पाहूनच निघून आली, त्यांना मात्र परत जायला नव्या व्हिशाची रांग आली. त्यानंतरच्या धोरणात व्हिसा रद्द होणं हेही सेव्हिस बंद करण्याचं कारण धरलं गेलं, म्हणून चौकशी एकदा करून थांबू नये.

सगळीच कारणं पोलिसांशी जोडलेली नसतात. वर्ग बुडवणं, न कळवता कोर्स सोडणं, परवानगीशिवाय काम करणं, अर्जात खोटी कागदपत्रं लावणं यानेही व्हिसा जातो. आणि मत मांडण्यावरूनही. टफ्ट्स विद्यापीठाच्या रुमेसा ओझतुर्क या तुर्की विद्यार्थिनीने गाझावरून विद्यापीठाच्या भूमिकेवर टीका करणारा लेख इतरांसोबत लिहिला होता. तिचा व्हिसा तिला न कळवता रद्द झाला आणि २५ मार्च २०२५ ला तिला रस्त्यातच ताब्यात घेतलं. वकिलाने त्याच रात्री कोर्टात धाव घेतली, तरी सुटकेला ९ मे उजाडला. वकिलाचा नंबर आधीपासून पाठ असावा, तो यासाठी.

शेवटचं, इथल्या आई-वडिलांसाठी. पुढच्या वेळी व्हिसा फॉर्म भरताना दोन प्रश्न येतात: कधी अटक झाली होती का, आणि अमेरिकेचा व्हिसा कधी रद्द झाला होता का. केस सुटली असली तरी दोन्हींना ‘हो’ लिहायचं आणि कोर्टाची प्रत जोडायची. एजंट म्हणेल, ‘नाही टाका, कोण बघतंय?’ अटकेमुळे गेलेला व्हिसा पुन्हा मिळू शकतो. खोट्या उत्तराने मात्र अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं.