अहवालातील हरवलेला कर्ता

साहित्याच्या वर्गात संदिग्धता हा गुण ठरू शकतो. एका शब्दातून दोन अर्थ निघाले तर आपण त्याला श्लेष म्हणतो आणि विद्यार्थ्यांना तो उलगडून दाखवतो. तांत्रिक अहवालात मात्र हीच दुहेरी वाट एखाद्या निरपराध माणसाच्या माथी दोष मारू शकते. अशा अहवालांचे मराठी तपासण्याचे काम अधूनमधून भाषेच्या अध्यापकांकडे येते. तेव्हा आपण ऱ्हस्वदीर्घ सुधारतो, परभाषी शब्द काढतो आणि कागद परत करतो. ‘कोणी केले?’ हा प्रश्न विचारायचा राहून जातो. माझ्या मते तो पहिला प्रश्न असायला हवा.

विवेचनासाठी एक नमुना रचून घेऊ. पाणीपुरवठा केंद्रातील अपघाताचा हा अहवाल आहे. यात तीन माणसे आहेत: केंद्राचा पंपचालक, केंद्राचा पर्यवेक्षक आणि दुरुस्तीला आलेला कंत्राटदाराचा तंत्रज्ञ. अहवाल म्हणतो:

‘पंप क्रमांक २ बंद करून तंत्रज्ञाला कळवण्यात आले. पर्यवेक्षकाने तंत्रज्ञाला त्याच्या नोंदवहीत वेळ लिहिण्यास सांगितले. विद्युतपुरवठा तोडल्याची खात्री न करता कपलिंगचे आवरण काढताना तो अचानक सुरू झाला व ते जखमी झाले.’

शुद्धलेखनाच्या दृष्टीने येथे बोट ठेवायला जागा नाही. पण पंप कोणी बंद केला? खात्री कोणी केली नाही? ‘तो’ म्हणजे पंप की पुरवठा? ‘ते’ म्हणजे आदरार्थी एक माणूस की दोघे? घाईत वाचणारा अधिकारी या मोकळ्या जागा जवळच्या नावाने भरतो. आवरण काढणारा तंत्रज्ञच असणार, म्हणून खात्रीही त्यानेच करायची होती, आणि पंपही बहुधा त्यानेच बंद केला असेल, असे वाचन सहज होते. अहवालात हे कोठेही लिहिलेले नसते, तरी दोष निश्चित होतो.

आता दोषाचे मूळ पाहू. ‘करून’ हे पूर्वकालवाचक धातुसाधित आहे. त्याला स्वतःचा कर्ता बहुधा नसतो. मुख्य क्रियापदाचा कर्ता तोच त्याचा कर्ता, असे आपण गृहीत धरतो. ‘तंत्रज्ञाने झडप बंद करून दाब मोजला’ या वाक्यात बंद करणारा आणि मोजणारा एकच, यात शंका उरत नाही. पण मुख्य क्रियापद ‘कळवण्यात आले’ असे असेल तर तेथे कर्ताच नाही. ‘करून’ला टेकायला काही उरत नाही आणि ते वाक्यातील एकमेव माणसाकडे, म्हणजे तंत्रज्ञाकडे झुकते. ‘काढताना’ची गोष्ट याहून विचित्र आहे. व्याकरणाने कठोरपणे वाचले तर ‘तो’ म्हणजे पंपच स्वतःचे आवरण काढत होता!

येथे इंग्रजीतील नियम जसाच्या तसा आणून चालत नाही. ‘वीज पडून झाड जळाले’ या वाक्यात पडणारी वीज आहे, जळणारे झाड आहे, आणि तरीही वाक्य निर्दोष आहे. कारण ‘पडून’चा कर्ता वाक्यातच लिहिलेला आहे. पाककृतीतील ‘कणीक मळून झाकून ठेवावी’ हेही चालते, कारण तेथे करणारी व्यक्ती आरंभापासून शेवटपर्यंत एकच असते. दोष केवळ कर्त्याच्या अनुपस्थितीत नसतो. करणारे एकाहून अधिक असू शकतात आणि वाक्य त्यांपैकी एकाचेही नाव घेत नाही, तेथे तो असतो.

सर्वनामांचे दुखणे निराळे आहे. मराठीला लिंगभेदाचा आधार आहे. एक झडप आणि एक पंप असता ‘ती’ आणि ‘तो’ आपापल्या जागी बिनचूक बसतात. पण पंप आणि पुरवठा दोन्ही पुल्लिंगी, आणि माणसे तिन्ही पुरुष. तेथे हा आधार सुटतो. ‘त्याच्या नोंदवहीत’ऐवजी ‘आपल्या नोंदवहीत’ लिहावे, असे कोणी सुचवील. पण ‘पर्यवेक्षकाने तंत्रज्ञाला आपल्या नोंदवहीत वेळ लिहिण्यास सांगितले’ या वाक्यात ‘आपल्या’ हे सांगणाऱ्याकडेही जाते आणि लिहिणाऱ्याकडेही. उपाय एकच: नाम पुन्हा लिहावे. पुनरुक्ती टाळा, असे आपणच निबंधाच्या वहीत लाल शाईने लिहीत आलो. अहवालात तो उपदेश मागे घेतला पाहिजे.

दुरुस्तीची रीत साधी आहे. पहिल्या वाचनात ‘-ऊन’, ‘-ताना’, ‘न करता’, ‘असता’ आणि ‘-ण्यात आले’ या प्रत्येकाखाली रेघ ओढावी आणि समासात ‘कोण?’ लिहावे. दुसऱ्या वाचनात प्रत्येक सर्वनामापासून त्याच्या नामाकडे बाण काढावा. बाण दोन ठिकाणी जाऊ शकत असेल तर सर्वनाम खोडावे. त्यानंतर लेखणी खाली ठेवून अहवाल लिहिणाऱ्याकडे जावे. समासातील प्रश्नांची उत्तरे भाषातज्ज्ञाकडे नसतात. संदर्भावरून कर्ता घालणे म्हणजे पुरावा रचणे होय.

आपल्या नमुन्यात लेखकाने उत्तरे दिली असे समजू. मग परिच्छेद असा होतो:

‘पंपचालकाने पॅनेलवरील बटण दाबून पंप क्रमांक २ थांबवला आणि तसे तंत्रज्ञाला कळवले. पॅनेलवरील निवडीचा स्विच ‘ऑटो’ स्थितीतच राहिला. पर्यवेक्षकाने तंत्रज्ञाला तंत्रज्ञाच्या नोंदवहीत वेळ लिहिण्यास सांगितले. पंपाचा विद्युतपुरवठा तोडला आहे, याची खात्री पर्यवेक्षकाने केली नाही आणि तंत्रज्ञानेही केली नाही. तंत्रज्ञ कपलिंगचे आवरण काढत असताना टाकीतील पातळी खाली गेली आणि स्वयंचलित नियंत्रणाने पंप सुरू केला. तंत्रज्ञाच्या हाताला इजा झाली. पर्यवेक्षकाला इजा झाली नाही.’

परिच्छेद लांबला आणि त्याचा डौलही गेला, हे मान्य. पण पहिल्या मसुद्यात नसलेली एक गोष्ट त्यात आली. ‘बंद करून’ या दोन शब्दांखाली पंप थांबवणे आणि त्याचा पुरवठा तोडणे ही दोन वेगळी कामे दडली होती. ‘कोणी?’ विचारताच ‘नेमके काय?’ हेही विचारावे लागले, आणि अपघाताचे कारण तेथेच सापडले. पहिला मसुदा वाचून तंत्रज्ञाला समज दिली गेली असती, पुढच्या दुरुस्तीच्या वेळीही स्विच ‘ऑटो’वरच राहिला असता. दुसरा मसुदा वाचणारा पुरवठा तोडून स्विचला कुलूप लावण्याचा नियम करील.

कधी उत्तर मिळतच नाही. नोंद नसते, माणसे एकमेकांकडे बोट दाखवतात. अशा वेळी ‘पंप थांबवण्यात आला’ या वाक्यामागे लपू नये. ‘पंप कोणी थांबवला हे उपलब्ध नोंदींवरून ठरत नाही’ असे स्पष्ट लिहावे. कर्मणी रचनेला माझा विरोध नाही. ‘टाकी १२ वर्षांपूर्वी बांधण्यात आली’ येथे बांधणाऱ्याचे नाव कोणाला नको असते. कर्ता अनावश्यक असणे वेगळे आणि गैरसोयीचा असणे वेगळे; हा फरक अहवाल तपासणाऱ्याला कळायला हवा.

प्रयोग आणि धातुसाधिते आपण परीक्षेतील गुणांपुरती शिकवतो. विद्यार्थी ‘कर्तरी की कर्मणी’ ओळखतो आणि विसरतो. त्याऐवजी वरच्यासारखा एक परिच्छेद देऊन ‘यात दोषी कोण ठरतो, आणि का?’ असा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर देताना विद्यार्थ्याला प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधावाच लागेल.