फोन सगळ्यांसमोर, पण ऐकू कुणाला येतं?

पाटोद्यासारख्या गावात परदेशातल्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला की मोबाइल डब्याला टेकवून मधोमध ठेवतात, स्पीकर मोठा करतात आणि घरातली सात-आठ माणसं भोवती बसतात. कॉल अर्धा तास चालतो, पण बोलतात दोघं-तिघंच. आजी नुसती मान हलवते. तिकडची नात दोन मिनिटांत उठून जाते. मग ‘आजीला हल्ली बोलायचंच नसतं’ आणि ‘पोरांना मराठी नको’ असे निष्कर्ष निघतात. माझ्या मते दोष त्या दोघींचा नसून आपण केलेल्या मांडणीचा असतो.

आधी फोनचं पाहू. स्पीकरमधून आलेला नातीचा आवाज याच फोनच्या माइकमध्ये शिरतो. तो प्रतिध्वनी होऊन अमेरिकेत परत जाऊ नये म्हणून फोन तो दाबून टाकतो. पण त्याच क्षणी आजी बोलली, तर तिचा आवाजही बऱ्याचदा दाबला जातो. वाक्याची सुरुवात गळते, ‘मी काय म्हणते’मधलं ‘म्हणते’ एवढंच पोहोचतं. त्यात अंतराचा उशीर असतो. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात साधारण 200 मिलिसेकंद जातात. आवाज पोहोचायलाच 150 मिलिसेकंदांहून जास्त लागले, तर हा ताल बिघडू लागतो. दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, आणि शेवटी मोठ्या आवाजाचा माणूस कॉल ताब्यात घेतो.

दुसरी अडचण कानाची. वयानुसार ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ यांसारखी व्यंजनं निसटतात. ‘साठ’चं ‘आठ’ ऐकू येतं. लहान मुलांचा आवाज आधीच बारीक, वर पंख्याची घरघर आणि चार जणांची कुजबुज. ओरडून उपयोग होत नाही, कारण ओरडल्यावर मुख्यतः स्वर मोठे होतात. किंचित सावकाश, एकेक वाक्य सुटं बोललं तर जास्त कळतं. तोंड दिसलं तर ओठांचीही मदत होते. म्हणून खिडकी नातीच्या पाठीशी नको, समोर हवी.

‘आजी, ऐकू येतंय का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. आजी ‘हो’च म्हणणार. त्याऐवजी नातीने काय सांगितलं ते आजीला विचारावं. उत्तर भलतंच आलं तर ऐकू आलेलं नाही, हे समजावं. समोरासमोरही असंच होत असेल तर कान तपासून घ्यावेत. कधी कधी साचलेला मळ काढल्यानेही फरक पडतो.

उपाय साधा आहे. पहिली दहा मिनिटं फक्त आजी आणि नात, बाकीच्यांनी दुसऱ्या खोलीत. आजीच्या कानात वायरचा इअरफोन द्यावा. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरायचा थांबला की दोघींचे शब्द कापले जाणं बरंच कमी होतं. श्रवणयंत्र असेल तर इअरफोन नको; फोन जवळ धरून खोली शांत ठेवावी. नातीने एकच वस्तू दाखवावी, चित्र किंवा पडलेला दात. आजीने त्यावर विचारावं. मोठ्यांची बोलणी, पैसे-शेती, नंतर. आपल्याकडे नेमकं उलट होतं: फोन आजीच्या हातात शेवटी येतो, तेव्हा नात निघून गेलेली असते.

राहिली वेळ. समजा, नात न्यू जर्सीत आहे. उन्हाळ्यात पाटोद्यात शनिवारी संध्याकाळचे 6 वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे 8.30 असतात. नात नाश्ता करून ताजी, आजीचं जेवण अजून बाकी. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडचं घड्याळ एक तास मागे जातं आणि आपले 6 म्हणजे तिथले 7.30 होतात. नात झोपेतून उठवलेली, चिडलेली. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुन्हा पुढे येतं. भारताचं घड्याळ बदलत नाही, त्यामुळे आपल्या लक्षातच येत नाही. म्हणून थंडीत कॉल संध्याकाळी 7 ला घ्यावा आणि आजीचं जेवण त्याआधी उरकावं. तिकडच्या रात्री 8.30 ला, म्हणजे आपल्या सकाळी 6 किंवा 7 ला, कॉल करणं मोठ्यांना सोयीचं असतं. पण तेव्हा मूल झोपेला आलेलं असतं.

सगळ्यांना एकाच वेळी पडद्यावर आणायचा हट्ट मला म्हणूनच पटत नाही. त्या अर्ध्या तासात सगळे दिसतात, पण ज्यांच्यासाठी कॉल केला, त्या दोघी एकमेकींना ऐकतच नाहीत. पुढच्या शनिवारी पहिली दहा मिनिटं त्यांना द्या आणि नंतर आजीला विचारा, नात काय म्हणाली?